बिल डिस्काउंटिंग आणि फॅक्टरिंग: 12 टक्के खरे किती पडतात?

चाकणमधल्या एका मध्यम कारखान्याने वाहन कंपनीला 10 लाखांचे सुटे भाग पाठवले. पैसे 90 दिवसांनी मिळणार. (कारखाना सूक्ष्म किंवा लघु गटात असता, तर कायद्याने 45 दिवसांपेक्षा जास्त उधारी ठरवताच आली नसती, म्हणून मुद्दाम मध्यम घेतला आहे.) पगार आणि पोलादवाल्याचे बिल मात्र 90 दिवस थांबत नाही. मालक दोन ठिकाणी चौकशी करतो. बँक म्हणते, बिल डिस्काउंट करू, 12 टक्के. फॅक्टरिंग कंपनी म्हणते, इन्व्हॉइस आमच्याकडे द्या, व्याज 12 टक्के आणि 1 टक्का कमिशन. मालकाला दोन्ही सारखेच वाटते: उधारी गहाण ठेवायची आणि आज पैसे घ्यायचे. प्रत्यक्षात दोन्हीत विकली जाणारी वस्तू वेगळी आहे, आणि 12 टक्क्यांचा अर्थही.

बिल डिस्काउंटिंगमध्ये बँक एका कागदावर पैसे देते. विक्रेता बिल लिहितो, गिऱ्हाईक ‘मान्य’ म्हणून सही करतो, आणि त्या सहीनंतर ते बिल मालाच्या भानगडीतून बरेचसे सुटे होते. पुढे गिऱ्हाइकाने ‘दोनशे नग नापास झाले’ म्हटले, तरी सद्भावनेने मोल देऊन बिल घेणाऱ्या बँकेपुढे ती सबब सहसा चालत नाही. मोठ्या कंपन्यांचे अकाउंट्स खाते बिलावर सही करायला नाखूश असते, त्याचे एक मोठे कारण हेच. नापास मालाची डेबिट नोट काढून पैसे कापायची सोय त्यांना गमवायची नसते.

आता हिशेब. 10 लाखांवर 12 टक्क्यांनी 90 दिवसांचा डिस्काउंट 29,589 रुपये होतो. (मुदती बिलाला कायद्याने मिळणारे 3 वाढीव दिवस इथे सोपेपणासाठी सोडले आहेत.) बँकेचे शुल्क 1,500 धरू. हातात येतात 9,68,911 रुपये. डिस्काउंट मोजला 10 लाखांवर, पण वापरायला मिळाले त्याहून कमी. म्हणून एकूण खर्च 31,089 भागिले हातात आलेली रक्कम, म्हणजे 90 दिवसांसाठी 3.21 टक्के. त्याला 365 भागिले 90 ने गुणले की वर्षाचा दर 13.01 टक्के. दर तिमाहीला असेच बिल फिरवत राहिलात, तर चक्रवाढीने तो 13.67 टक्क्यांवर जातो. बँक खोटे बोलली नाही, तिने फक्त दर्शनी रकमेवरचा दर सांगितला.

फॅक्टरिंगमध्ये कागद नव्हे, उधारीच हस्तांतरित होते. इन्व्हॉइसवर शिक्का बसतो की ही रक्कम अमुक फॅक्टरला देय आहे, गिऱ्हाइकाला तसे कळवले जाते, आणि पुढे खातेवही ठेवणे, स्मरणपत्रे आणि वसुली हे सगळे फॅक्टर करतो. सहसा एखादे बिल नव्हे, तर त्या गिऱ्हाइकाची सगळी विक्री फॅक्टरकडे जाते. पण फॅक्टर पूर्ण रक्कम आज देत नाही. आपल्या उदाहरणात तो 20 टक्के राखून ठेवतो आणि कमिशनही आधीच कापतो. म्हणजे 10 लाखांतून 2 लाख आणि 10,000 गेले, उरले 7,90,000. त्यावर 90 दिवसांचे व्याज 23,375, तेही आधीच. हातात 7,66,625. (कमिशनवर 18 टक्के जीएसटी आहे, पण इनपुट क्रेडिट मिळणार असेल, तर तो खर्चात धरायचा नाही.)

खर्च झाला 33,375. भागिले 7,66,625, म्हणजे 90 दिवसांचे 4.35 टक्के, वर्षाला सुमारे 17.7. एवढ्यावर थांबलात, तर फॅक्टरिंग महाग आहे असा निकाल लागतो, आणि बरेच जण इथेच थांबतात. पण या रकमेत पैशाच्या किमतीसोबत वसुलीच्या कामाची किंमतही मिसळली आहे. उधारी बघणारा माणूस, त्याच्या फेऱ्या, फोन यांवर दर 10 लाखांमागे 6,000 रुपये वाचत असतील, तर उरलेला खर्च 27,375 आणि दर 14.5 टक्क्यांच्या आसपास येतो. हा करार बुडीत रकमेची जोखीम फॅक्टरवर टाकणारा, म्हणजे ‘विदाउट रिकोर्स’ असेल, आणि तुमची बुडीत सरासरी अर्धा टक्का असेल, तर आणखी 5,000 वजा होतात. खर्च 22,375, दर 11.8 टक्के. तोच करार बिलापेक्षा स्वस्त ठरला. मात्र वाचलेले पैसे खरोखर वाचले पाहिजेत. वसुलीचा माणूस पगारावर तसाच राहणार असेल, तर ते 6,000 फक्त कागदावर आहेत.

‘विदाउट रिकोर्स’ या शब्दांवर मात्र फार विसंबू नका. गिऱ्हाईक दिवाळखोर झाला, तर तोटा फॅक्टरचा. पण मालच नापास ठरला, तर तो वाद तुमचाच. गिऱ्हाइकाने 40,000 ची डेबिट नोट काढली, तर फॅक्टर ती राखीव 2 लाखांतून वळती करतो आणि तुम्हाला 1,60,000 मिळतात. ती रक्कम राखून ठेवण्याचे मुख्य प्रयोजन हेच. करार ‘विथ रिकोर्स’ असेल, तर जोखमीच्या बाबतीत तो बिल डिस्काउंटिंगच्या अगदी जवळ येतो, कारण बिल न वठल्यास बँकही पैसे विक्रेत्याकडूनच घेते. तिथे फटका वेगळ्या जागी बसतो: 91व्या दिवशी बँक तुमच्या कॅश क्रेडिट खात्यात 10 लाख नावे टाकते, वर थकबाकीचे व्याज लावते, आणि त्याच आठवड्यात तुमचे दुसरे धनादेश परत जाऊ लागतात. ती खरी किंमत टक्केवारीत दिसत नाही.

याच चर्चेत कमर्शियल पेपरचे नाव येते, पण तो आपल्या मालकाचा पर्याय नाही. तो त्याच्या गिऱ्हाइकाचा आहे. ही कंपनीची बिनतारण वचनचिठ्ठी असते, मुदत 7 दिवस ते 1 वर्ष, भारतात 1990 पासून चालू, आणि पतमानांकन नसेल तर दारच उघडत नाही. समजा वाहन कंपनीने 5 कोटींचा 90 दिवसांचा पेपर 7.5 टक्के यील्डने विकला. मिळाले 4,90,92,132 रुपये. मानांकन, स्टॅम्प, एजंट मिळून 60,000 धरले, तर हातात 4,90,32,132, एकूण खर्च 9,67,868, वर्षाला 8 टक्के. इथे सांगितलेला दर यील्ड आहे, म्हणजे मिळालेल्या पैशांवरच मोजलेला. म्हणून 7.5 आणि बँकेचे 12 शेजारी ठेवण्याआधी दोन्ही एका मापात आणावे लागतात.

एका मापात आणले, तरी विसंगती उरतेच: 8 टक्क्यांनी पैसे उभे करू शकणारी कंपनी 13 टक्के मोजणाऱ्या पुरवठादाराकडून 90 दिवस उधार घेते. आरबीआयच्या परवान्याने चालणाऱ्या ट्रेड्स मंचांची कल्पना या फरकावरच उभी आहे. तिथे गिऱ्हाईक इन्व्हॉइस मान्य करतो, बँका आणि फॅक्टर त्यावर बोली लावतात, आणि दर मुख्यतः गिऱ्हाइकाच्या पतीवर ठरतो. पैसे न आल्यास विक्रेत्याकडे वसुली येत नाही. चाकणच्या मालकाने बँकेचे मंजुरीपत्र सही करण्याआधी वाहन कंपनीला एवढेच विचारावे, की तुम्ही ट्रेड्सवर आहात का, आणि इन्व्हॉइस किती दिवसांत मान्य करता. मान्यतेलाच 40 दिवस लागत असतील, तर तोवर त्या मंचावरून पैसा येत नाही, आणि स्वस्त दर फक्त उरलेल्या 50 दिवसांनाच लागू होतो.