फोटो पाठवण्याआधी घात नीट दिसतोय ना, एवढं बघा

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाची मुलं मॅक्सिमा-मिनिमाच्या गणितांचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतात आणि विचारतात, "सर, लगेच उत्तर का देत नाही? आधी गणित परत टाइप करून 'हेच ना?' असं कशाला विचारता?" त्याचं कारण या एका गणितात दिसेल.

f = x³ + y³ − 3xy

पुस्तकाच्या शिवणीकडची ओळ फोटोत वाकते, वरून मोबाइलची सावली पडते, आणि y³ चा y² दिसतो. y² धरून सोडवलं तरी गणित कुठेच अडत नाही. y = 3x/2 आणि y = x² मिळतात, त्यातून (0, 0) हा सॅडल पॉइंट आणि (3/2, 9/4) ला मिनिमम. सगळं नीटनेटकं, पण गणित दुसऱ्याचंच! घात चुकला की उत्तर बिनसलेलं दिसेलच असं नाही, म्हणून आम्ही आधी विचारतो. तुम्ही 'हो' म्हटलंत की पेन उचलतो.

आता खरं गणित. x ने पार्शल डेरिव्हेटिव्ह घेताना y स्थिर, y ने घेताना x स्थिर.

fx = 3x² − 3y = 0, म्हणजे y = x²
fy = 3y² − 3x = 0, म्हणजे x = y²

पहिलं दुसऱ्यात घातलं की x = x⁴. बहुतेकांचे मार्क इथे जातात. दोन्हीकडचा x कापून x³ = 1 लिहिलं की (0, 0) गेलाच. कापू नका, एका बाजूला आणा: x(x³ − 1) = 0. आता (0, 0) आणि (1, 1) दोन्ही मिळतात.

r = fxx = 6x, s = fxy = −3, t = fyy = 6y. म्हणून rt − s² = 36xy − 9. (0, 0) ला −9, ऋण, म्हणून सॅडल पॉइंट. (1, 1) ला 27, धन, आणि r = 6 हाही धन, म्हणून मिनिमम; किंमत −1. r ऋण असता तर मॅक्सिमम. rt − s² शून्य आलं तर ही कसोटी काहीच सांगत नाही. तिथे बिंदूच्या आजूबाजूला फंक्शन वाढतं की घटतं ते वेगळं तपासावं लागतं, त्या गणिताला आम्ही एक दिवस जास्त मागतो.

फोटो दिवसा खिडकीपाशी काढा, पान तळहाताने सपाट दाबा, प्रश्नाची पहिली ओळ आणि प्रश्न क्रमांक दोन्ही येऊ द्या. लोकलमध्ये उभ्याने काढलेला फोटो शक्यतो नको. खाली फंक्शन स्वतः टाइप केलंत, x^3 + y^3 - 3xy असं, तर आमचा उलट प्रश्नच येत नाही आणि तुमचं गणित रांगेत पुढे सरकतं. उत्तरात प्रत्येक पायरी लिहून मिळते. तुमच्या वहीतल्या पायऱ्यांचा फोटोही जोडलात तर x नेमका कुठे कापला गेला ते त्याच पैशात लाल पेनाने दाखवून देतो.