ग्रहणाचे वेध नागपुरात किती वाजता लागतात?

७ सप्टेंबर २०२५, भाद्रपद पौर्णिमा. सकाळीच आईने मोबाइल पुढे केला. "सुतक १२:५७ ला लागणार म्हणे. मग नैवेद्य बारा वाजता दाखवला तरी चालेल ना?" शेजारच्या काकूंचं म्हणणं होतं, नाही, १२:३७. आपल्याकडे खरं तर सुतक म्हणजे मृत्यूनंतरचं. ग्रहणाआधीच्या काळाला पंचांगं 'वेध' म्हणतात. पण नागपुरात हिंदी शेजार असल्यामुळे दोन्ही शब्द चालतात, आणि दोन्ही वेळाही.

चंद्रग्रहणाचा स्पर्श रात्री ९:५७ ला होता. चंद्र पृथ्वीच्या गडद सावलीत शिरतो तो क्षण जिथून चंद्र दिसतो तिथे सगळीकडे एकच, मग मुंबई असो की नागपूर. त्यातून सरळ ९ तास वजा केले की १२:५७.

जुना नियम मात्र तासांचा नाही, प्रहरांचा आहे: चंद्रग्रहण ज्या प्रहरात लागतं, त्याच्या आधीचे तीन प्रहर वेध. सूर्यग्रहणाला चार. प्रहर म्हणजे दिवसाचा किंवा रात्रीचा चौथा हिस्सा, त्यामुळे तो नेमका तीन तासांचा क्वचितच असतो. त्या दिवशी नागपुरात सूर्य साधारण ५:५८ ला उगवला आणि ६:२५ ला मावळला. रात्रीचा प्रत्येक प्रहर २ तास ५३ मिनिटांचा, म्हणजे ९:५७ हा रात्रीचा दुसरा प्रहर. तिथून मागे मोजा: रात्रीचा पहिला, दिवसाचा चौथा, दिवसाचा तिसरा. दिवसाचा तिसरा प्रहर सुरू होतो ऐन मध्यान्हाला, सूर्य माथ्यावर असताना.

आता काकूंचे १२:३७ कुठून आले ते कळतं. तो मुंबईचा मध्यान्ह! नागपूर मुंबईच्या सुमारे सहा अंश पूर्वेला. प्रत्येक अंशाला चार मिनिटं धरली तर आपला मध्यान्ह पंचवीसेक मिनिटं आधी, म्हणजे १२:१२ ला. नियम काटेकोर पाळणाऱ्या मंदिरात दुपारचा नैवेद्य आणि आरती त्याआधी आटोपायला हवी. मुंबईची वेळ धरणाऱ्या पुजाऱ्याला वाटेल, अजून वेळ आहे. नंतर जप-पाठ चालतो, नैवेद्य नाही. मोक्ष रात्री १:२६ ला, त्यामुळे स्नान आणि गाभारा धुणं मध्यरात्रीनंतर किंवा पहाटे.

गंमत अशी की १२:१२ ला चंद्र नागपूरच्या क्षितिजाखालीच होता आणि सावलीला त्याच्यापर्यंत पोहोचायला पावणेदहा तास होते. वेध हा आकाशातला बदल नव्हे, कालगणनेतला संकेत आहे. वरण-भात त्याने नासत नाही. म्हणूनच बालक, वृद्ध, आजारी यांना शास्त्रानेच सूट दिली आहे, आणि इथून न दिसणाऱ्या ग्रहणाचे वेध पाळायला सांगितलेलेच नाहीत.

आईने नैवेद्य साडेअकराला दाखवला. काकूंनी साडेबाराला.