लांबलेलं रूपक आम्ही कसं वाचतो
हस्तलिखित पाठवणाऱ्या कवींसाठी माहितीपत्रक

तुमचं हस्तलिखित आमच्याकडून परत येतं तेव्हा काही कवितांच्या समासात पेन्सिलीने लिहिलेले छोटे प्रश्न दिसतात. ‘ही हालचाल नेमकी कोणती?’, ‘किल्ली कुठे गेली?’, ‘यमकाने ओढलं का?’ असे. एकच तुलना धरून पुढे जाणाऱ्या कवितांवर असे प्रश्न सर्वांत जास्त येतात. ते का विचारतो आणि त्यांच्याकडे कसं पाहावं, हे सांगण्यासाठी हे पत्रक आहे.

एका ओळीत येऊन जाणाऱ्या रूपकाला फारसं काही सिद्ध करावं लागत नाही. ‘तिचा चेहरा चंद्र’ म्हटलं की वाचक तेज घेतो आणि चंद्रावरचे खड्डे आपणहून सोडून देतो. तेच रूपक आठ-दहा ओळी चाललं की वाचक उपमानाकडे वस्तू म्हणून पाहू लागतो. ती कशी चालते, तिला किती भाग आहेत, कवीने त्यातले कोणते घेतले आणि कोणते टाळले, हे त्याच्या लक्षात येऊ लागतं. आपल्या अलंकारशास्त्रात अशा अवयवांसकट चालणाऱ्या रूपकाला सांगरूपक म्हणतात. इंग्रजी कवितेत ज्याला कन्सीट म्हणतात तो याचाच धाडसी प्रकार. त्यात उपमेय आणि उपमान एकमेकांपासून इतके दूर असतात की तुलना पहिल्यांदा ऐकताच पटत नाही, आणि ती पटवून देणं हेच कवितेचं काम होऊन बसतं.

म्हणून अशी कविता हाती आली की पहिल्या वाचनात आम्ही अर्थ बाजूला ठेवतो आणि फक्त उपमानाच्या मागे जातो. वस्तू कोणत्या ओळीत आली, तिच्या कोणत्या भागाला कवितेत काम मिळालं, तिने कोणत्या क्रमाने काय केलं, एवढंच लिहून काढतो. दुसऱ्या वाचनात त्या प्रत्येक कृतीसमोर माणसाच्या बाजूने काय उभं आहे ते लिहितो. ज्या ठिकाणी एका बाजूला काहीच लिहिता येत नाही, किंवा दोन वेगळ्या गोष्टी लिहाव्या लागतात, तिथे तुलनेवर ताण आलेला असतो.

हे प्रत्यक्षात कसं दिसतं हे दाखवायला इंग्रज कवी जॉन डनची विरहावरची एक कविता घेतो. ती 1633 साली, त्याच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, छापली गेली. प्रवासाला निघालेला माणूस प्रिय व्यक्तीला सांगतो की आपल्या वियोगाचा शोक करू नकोस. चार-चार ओळींची नऊ कडवी आहेत आणि शेवटची तीन पूर्णपणे कंपासवर आहेत. भूमितीच्या पेटीतला साधा कंपास: एक टोक कागदात रोवायचं, दुसऱ्याने वर्तुळ काढायचं. तिचा आत्मा रोवलेला पाय, त्याचा आत्मा फिरणारा पाय.

कंपास येतो कसा, हे आधी बघायला हवं. त्याच्या अगोदरच्या, सहाव्या कडव्यात कवी म्हणतो की आपले आत्मे दोन नाहीतच, एकच आहे. त्यामुळे मी दूर गेलो तरी तुटणार काही नाही, ठोकून ठोकून हवेइतक्या पातळ केलेल्या सोन्याच्या वर्खासारखं ते नुसतं पसरेल. सातवं कडवं मात्र ‘आणि ते दोन असतीलच, तर’ अशा अर्थाने सुरू होतं. म्हणजे आधीचा दावा कवीने निमूटपणे मागे घेतला आहे. दोन रूपकं शेजारी ठेवायची तर सांधा असा लागतो. ‘असतीलच तर’ हे शब्द नसते तर सोनं आणि कंपास एकमेकांना खोटं पाडत राहिले असते. आमच्याकडे येणाऱ्या हस्तलिखितांत हा सांधा बहुतेक वेळा गायब असतो.

आता कंपासच्या हालचाली एकेक करून पाहू. सातव्या कडव्यात रोवलेला पाय हलताना दिसत नाही, पण दुसरा हलला की तोही हलतो. हे तंतोतंत खरं आहे, वर्तुळ काढताना मधलं टोक जागच्या जागी फिरतं. आठव्या कडव्यात दुसरा पाय लांब गेला की मधला त्याच्या दिशेने झुकतो आणि कान देऊन ऐकतो, तो घरी परतू लागला की हा सरळ उभा राहतो. झुकणंही खरं आहे, कंपास जितका उघडावा तितके दोन्ही पाय कलतात. ऐकणं मात्र कंपासचं नव्हे, ते माणसाचं आहे. एका क्रियापदापुरता उपमेयाने उपमानात केलेला हा शिरकाव आम्हाला फार आवडतो. वस्तूचं वर्णन अचूक झाल्यामुळेच तेवढी मोकळीक कवीला मिळाली आहे.

नववं कडवं शेवटचं, आणि खरा ताण इथे आहे. कवी म्हणतो की तुझ्या स्थिरपणामुळे माझं वर्तुळ बिनचूक होतं आणि जिथून निघालो तिथेच मी येऊन संपतो. पहिल्या वाचनात हे डोळे मिटून पटतं. हातात कंपास घेऊन करून पाहिलं की पटत नाही. आठव्या कडव्यातलं घरी येणं म्हणजे दोन पाय मिटणं, अंतर शून्य होणं. नवव्या कडव्यातलं परत येणं म्हणजे वर्तुळ पुरं होणं, आणि वर्तुळ काढताना अंतर एका केसानेही बदलून चालत नाही. फिरणारा पाय जिथून निघाला तो बिंदू परिघावर असतो, केंद्रावर नसतो. म्हणजे भूमितीच्या हिशेबाने शेवटच्या ओळीतला माणूस वर्तुळ पूर्ण करूनही तिच्यापासून तितकाच दूर उभा आहे.

ही कवीची चूक म्हणायची का? इंग्रज समीक्षक सॅम्युअल जॉन्सनने 1779 साली या कंपासबद्दल लिहिताना, यात मूर्खपणा जास्त की कल्पकता, अशी शंका घेतली होती. आमचं मत स्पष्ट आहे: हा ताण कवितेचाच आहे. या माणसाला दोन गोष्टी हव्या आहेत. त्याला घरी पोचायचं आहे, आणि आपलं प्रेम सर्वसाधारण प्रेमासारखं नाही, ते परिपूर्ण आहे, हेही दाखवायचं आहे. पहिल्यासाठी कंपास मिटावा लागतो, दुसऱ्यासाठी उघडा राहावा लागतो. एका वस्तूत दोन्ही मावत नाहीत, आणि शोक करू नकोस म्हणणाऱ्या माणसाच्या मनात नेमकं हेच चाललेलं असतं. तुलना जिथे ताणली जाते तिथेच कवितेची गरज उघडी पडते.

उपमानाचा न वापरलेला भागही आम्ही लिहून ठेवतो. कंपास आपोआप फिरत नाही, तो कोणाच्या तरी हातात असतो. त्या हाताबद्दल कविता गप्प आहे. हा प्रवास कोण घडवतं आहे हा प्रश्न तिला उघडायचा नाही, आणि तीन कडव्यांत तो उघडण्याची गरजही भासत नाही. याच कंपासवर आणखी पाच कडवी झाली असती तर वाचकाने तो हात नक्की शोधला असता.

आता न पेललेला ताण. खालच्या ओळी या पत्रकासाठीच आम्ही रचल्या आहेत, कुठल्याही ग्राहकाच्या नाहीत:

दुःख माझे जुने कुलूप,
किल्ली तुझ्या हाती;
गंजत गेले आतल्या आत,
उमलून आल्या पाती.

पहिल्या दोन ओळी कामाच्या आहेत. कुलूप आणि किल्ली, आणि किल्ली दुसऱ्याकडे. तिसऱ्या ओळीत वेळ जातो, कुलूप गंजतं. चौथ्या ओळीत पाती उमलतात आणि वस्तू हातातून सुटते, कारण कुलपाला पाती फुटत नाहीत. फुटलीच, तर दुःखाच्या बाजूने त्यासमोर काय लिहायचं? सांत्वन? नवी आशा? आधीच्या तीन ओळींत त्याचा मागमूस नाही. ‘हाती’ला यमक हवं होतं म्हणून ‘पाती’ आली. डनचा ताण काढून टाकला तर कवितेचा अर्थ कमी होतो. इथली चौथी ओळ काढली तर काहीच कमी होत नाही. समासात ‘यमकाने ओढलं का?’ लिहिण्याआधी आम्ही हीच चाचणी घेतो.

मोठं नुकसान मात्र तिसऱ्या ओळीत झालं आहे. गंजलेल्या कुलपात किल्ली फिरत नाही. म्हणजे ती व्यक्ती उद्या किल्ली घेऊन आली तरी दुःख उघडणार नाही, आणि हे या तुलनेतूनच निघणारं, दुसऱ्या ओळीला उलटवणारं वळण होतं. वस्तूने ते पुढ्यात आणून ठेवलं होतं, कवीने पाहिलं नाही. ‘किल्ली कुठे गेली?’ हा प्रश्न अशा जागी येतो. त्यात दोष दाखवण्यापेक्षा तुमच्याच ओळीत दडलेली पुढची ओळ दाखवण्याचा हेतू असतो. आणखी एक प्रश्न इथे लागू पडतो: दुःखच कुलूप असेल तर आत बंद काय आहे? त्याचं उत्तर कवितेत यायलाच हवं असं नाही, पण कवीला ते माहीत असलं की पुढच्या ओळी सैल पडत नाहीत.

सगळे अवयव जुळवणं म्हणजे उत्तम सांगरूपक, असा एक समज आहे, त्याबद्दल थोडं. ज्ञानेश्वरीच्या आरंभी वाङ्मयालाच गणेशाची मूर्ती केलं आहे. तिथे सहा दर्शनं म्हणजे त्याचे भुज, आणि त्यामुळे आपल्याला सहसा चार हातांचा दिसणारा गणपती सहा हातांचा होतो. उपमेयाच्या गरजेपुढे उपमान वाकलं आहे. आणि मूर्तीतला मोडका दात, जो जुळवायला सर्वांत अवघड, तो झाकलेला नाही. खंडन झालेल्या मताची खूण म्हणून तो एका हातात दिला आहे. अडचणीचा अवयव टाळायचा की त्यालाच काम द्यायचं, हा प्रश्न तुमच्या कवितेतही येईल, आणि तिथे आमची टीप दिसेल.

आमच्या टिपा मान्य करण्याचं बंधन नाही. एखाद्या जागी तुम्ही ताण जाणूनबुजून ठेवला असेल तर टिपेखाली ‘राहू द्या’ एवढं लिहून प्रत परत पाठवा. दुसऱ्या फेरीत आम्ही ती ओळ तशीच धरून बाकीची कविता वाचतो. पहिलं हस्तलिखित पाठवताना लांब रूपकाच्या कवितेचा जुना खर्डा जवळ असेल तर तोही सोबत जोडा. उपमान कोणत्या ओळीत शिरलं आणि कोणती ओळ यमकासाठी नंतर आली, हे खर्ड्यावरून लगेच कळतं.