वडिलांच्या पश्चात वडिलोपार्जित शेतजमीन : बहिणीचा हिस्सा किती आणि नोंद कशी करायची

‘लग्नात खर्च केला, आता जमिनीत वाटा कशाला?’ हा प्रश्न दिवसकार्य उरकायच्या आतच निघतो. कायद्यात या प्रश्नाला जागा नाही. हिंदू उत्तराधिकार कायद्यात ९ सप्टेंबर २००५ पासून झालेल्या दुरुस्तीने मुलगी जन्मानेच मुलाइतकी सहहिस्सेदार ठरली. तिचं लग्न कधी झालं याने फरक पडत नाही. त्या तारखेला वडील हयात असायला हवेत असंही नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केलं. मात्र २० डिसेंबर २००४ पूर्वी नोंदणीकृत वाटणीपत्राने किंवा कोर्टाच्या हुकूमनाम्याने झालेली वाटणी उकरता येत नाही. ‘आमची तोंडी वाटणी तेव्हाच झाली होती’ एवढं सांगून भागत नाही, त्याला त्या काळचा भक्कम सरकारी कागद लागतो.

आता हिशोब करू. समजा, एकत्र कुटुंबाची वडिलोपार्जित दहा एकर, म्हणजे ४०० गुंठे जमीन आहे. वडील २०२१ मध्ये वारले. मागे आई, दोन भाऊ, एक बहीण. आजी हयात नाही. मृत्यूच्या आदल्या क्षणी वाटणी झाली असती तर काय, असं कायदा धरून चालतो. आपल्याकडे त्या वाटणीत आईलाही वाटा मिळतो, म्हणून वडील, आई आणि तीन मुलं असे पाच वाटे पडतात, प्रत्येकी ८० गुंठे. मग वडिलांचे ८० गुंठे चार वारसांत प्रत्येकी २० प्रमाणे जातात. बहिणीचे झाले १०० गुंठे, अडीच एकर. भावांना आणि आईलाही तेवढेच.

हा हिशोब दोन टप्प्यांत का करायचा, ते मृत्युपत्र निघालं की कळतं. वडिलांनी ‘सगळी जमीन मुलांना’ असं लिहून ठेवलं असलं, तरी ते फक्त स्वतःच्या ८० गुंठ्यांपुरतं चालतं. बहिणीचे स्वतःचे ८० गुंठे त्यांच्या हातात नव्हतेच. जमीन वडिलांनी स्वतः विकत घेतलेली असेल तर मात्र ती पूर्ण ते मृत्युपत्राने देऊ शकतात. मृत्युपत्र नसेल तर चौघांना समान. म्हणून जमीन कुठल्या प्रकारची ते आधी बघा. सातबाऱ्यावर लिहिलेल्या फेरफार क्रमांकांवरून जुने फेरफार काढा आणि ती आजोबांकडून, एकत्र कुटुंब प्रमुख म्हणून की खरेदीखताने आली ते वाचा. आजोबांची स्वतःची मिळकत १९५६ नंतर वारसाने वडिलांकडे आली असेल, तर ती वडिलांची स्वतंत्र मिळकत धरली जाते. इथे घाईने ‘वडिलोपार्जित’ म्हणू नका.

वाटणीच्या आधी वारस नोंद. मृत्यूनंतर तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे किंवा ई-हक्क प्रणालीवर अर्ज करावा. सोबत मृत्यूचा दाखला, सातबारा आणि आठ-अ, वारसांचे ओळखपत्र आणि सर्व वारसांची नावं, पत्ते व नातं लिहिलेलं शपथपत्र. गफलत याच शपथपत्रात होते: बहिणीचं नाव गाळलं जातं. नोंद झाल्यावर नोटीस निघते आणि हरकतीला १५ दिवस मिळतात. मग मंडळ अधिकारी फेरफार प्रमाणित करतात. सासरी असलेल्या बहिणीने सातबारा अधूनमधून ऑनलाइन बघत राहावा. नाव कब्जेदार सदरी हवं, ‘इतर हक्कात’ नव्हे. नाव गाळलेला फेरफार प्रमाणित झाला तर उपविभागीय अधिकाऱ्याकडे अपील करता येतं, मुदत ६० दिवस. ती हुकली तरी हिस्सा बुडत नाही, कारण फेरफाराने मालकी जन्मत नाही आणि मरतही नाही. पण मग दिवाणी कोर्टाचा रस्ता धरावा लागतो.

बहिणीला खरंच हक्क सोडायचा असेल तर हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेलंच हवं. साध्या स्टॅम्पवरची सही किंवा तलाठ्यापुढचा जबाब पुरत नाही. आणि बहिणींनो, ‘वारस नोंदीसाठी सही दे’ म्हणून पुढे आलेला कागद पूर्ण वाचल्याशिवाय सही करू नका. नोंदवलेलं हक्कसोडपत्र रद्द करून घेणं फार अवघड आहे.

सगळे एकमताने असतील तर महसूल अधिनियमाच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे वाटपाचा अर्ज करावा. त्याला सर्व गटांचे सातबारे, सहहिस्सेदारांची संमती आणि कोणाला कुठली बाजू याचा चतुःसीमांसह कच्चा नकाशा लागतो. फक्त गुंठे सारखे करून थांबू नका. विहिरीचं पाणी आणि बांधावरची वाट कोणाची, हेही त्यात लिहून घ्या. कोणी मालकी हक्कावरच वाद घातला तर तहसीलदार वाटप थांबवतात. मग दिवाणी कोर्टात वाटपाचा दावा लावावा लागतो. हुकूमनामा झाल्यावर सारा भरणाऱ्या शेतजमिनीची प्रत्यक्ष वाटणी जिल्हाधिकाऱ्यांमार्फत होते, आणि मोजणी भूमी अभिलेख खातं करतं.