चीनची भिंत : विटांमागचं धान्य आणि धान्यामागचं मीठ

बीजिंगजवळच्या बादालिंगला पर्यटक ज्या दगड-विटांच्या भिंतीवर फोटो काढतात, ती दोन हजार वर्षांपूर्वीची नाही. पहिल्या सम्राटाच्या, म्हणजे छिन राजवटीच्या भिंती बऱ्याच उत्तरेला होत्या आणि बहुतेक ठिकाणी त्यांची आता मातीची वरंबवजा खूणच उरली आहे. आज आपण पाहतो ती भिंत मिंग राजवटीची, त्यातही मुख्यतः सोळाव्या शतकातली. गंमत म्हणजे १३६८ साली मंगोलांना हुसकावून मिंग सत्तेवर आले, तेव्हापासून पहिली शंभरेक वर्षं त्यांनी अशी सलग लांब भिंत बांधलीच नव्हती. मग नंतर का बांधावी लागली?

सुरुवातीला मिंगांचा भर चढाईवर होता. युंगलो सम्राट १४१० ते १४२४ या काळात पाच वेळा स्वतः फौज घेऊन गवताळ प्रदेशात उतरला आणि पाचव्या मोहिमेवरून परतताना वाटेतच वारला. हाती फारसं काही लागलं नाही. मंगोल टोळ्या तंबू गुंडाळून आणखी उत्तरेला सरकायच्या आणि मागे लागलेल्या फौजेचं धान्य संपत यायचं. त्याच काळात सरहद्दीपलीकडची काही ठाणी मागे घेतली गेली आणि १४२१ मध्ये राजधानी मात्र बीजिंगला, सरहद्दीच्या तोंडाशी आली. १४४९ मध्ये एक तरुण सम्राट पुन्हा प्रचंड सैन्यासह बाहेर पडला. परतीच्या वाटेवर तुमू नावाच्या टप्प्यावर त्याला ओइरात मंगोलांनी गाठलं. तिथे पाणी नव्हतं. सैनिकांनी खोल खड्डे खणले तरी लागलं नाही. तहानेनं मोडलेली फौज कापली गेली आणि सम्राट जिवंत पकडला गेला. चढाईचा उत्साह तिथेच ओसरायला लागला.

पुढचा पेच ओर्दोसचा. पीत नदी उत्तरेला मोठा वळसा घेते, त्या वळशातला हा कोरडा पठारी मुलूख. १४५० नंतर मंगोल टोळ्या तिथे येऊन राहू लागल्या आणि तिथून शान्शीच्या गावांवर धाडी पडू लागल्या. दरबारात एक पक्ष म्हणत होता, मोठी मोहीम काढून त्यांना नदीपार करा. दुसरा पक्ष म्हणत होता, भिंत घाला. या दुसऱ्या पक्षाचा म्होरक्या यू त्झिजुन हा शान्शीकडचा प्रांताधिकारी. त्याचा युक्तिवाद शौर्याचा नव्हता, हिशेबाचा होता आणि तो हिशेब मिंगांच्या इतिहासग्रंथात नोंदलेला आहे.

त्याचं म्हणणं असं : मोहिमेसाठी यानसुइ भागात ८० हजारांची फौज आणून ठेवली आहे. या वर्षाचा आकडा धरला तर धान्य आणि दाणा लागेल ९ लाख ४० हजार लिआंग चांदीचा, वैरण ६ लाख लिआंगची. (एक लिआंग म्हणजे साधारण ३७ ग्रॅम.) पण हा माल पोहोचवायचा कसा? एका माणसाने सहा तोउ धान्य, म्हणजे साठ-पासष्ट लिटर, आणि वैरणीच्या चार पेंढ्या न्यायच्या असं धरलं, तर ४० लाख ७० हजार माणसं लागतील आणि त्यांच्या वाटखर्चालाच ८२ लाख ५० हजार लिआंग जातील. आकडे फुगवलेले असू शकतात. भिंत मंजूर करून घ्यायची होती ना! पण प्रमाण पाहा. माल १५ लाख ४० हजारांचा आणि हमाली त्याच्या पाचपटीहून जास्त. लढाई हा त्यातला स्वस्त भाग, रस्ता महाग. आणि हा बोजा बसणार तो शान्शीच्याच शेतकऱ्यावर, ज्याला धाडींपासून वाचवायचं म्हणून सगळा खटाटोप.

१४७४ मध्ये भिंत झाली. चिंगश्वेइयिंग ते ह्वामाछी, १,७७० ली, म्हणजे नऊशे ते हजार किलोमीटरच्या आसपास. ४० हजार सैनिकांनी ती तीन महिन्यांच्या आत उरकली. हे ऐकून भुवया उंचावतात, पण ही विटांची भिंत नव्हती. तो सगळा भुसभुशीत पिवळ्या मातीचा डोंगराळ मुलूख. जिथे टेकडी होती तिथे तिचा उतार उभा तासून कडा केला, जिथे सपाटी होती तिथे चर खणला आणि निघालेली माती चोपून भिंत उभी केली. मध्ये ११ गढ्या, पंधरा मोठे आणि ७८ छोटे बुरूज आणि कड्यांच्या आडोशाला आठशेवर चौक्या.

अशी भिंत शत्रूला कायमची अडवते असं कुणी मानत नव्हतं. माणूस शिडी लावून चढतो, घोडा चढत नाही. धाडीचं सगळं बळ घोड्यात; शिवाय परतताना लुटलेली गुरंढोरं सोबत असतात. भिंत फोडायला वेळ लागतो, तेवढ्यात जवळच्या गढीतून कुमक येते. १४८२ मध्ये नेमकं हेच घडलं. आत घुसलेली टोळी भिंत आणि चर यांच्यामध्ये कोंडली, बाहेर पडायला वाट मिळेना आणि मिंग फौजेने तिला झोडपून काढलं. आणखी एक फायदा यूच्या मनात आधीपासून होता. भिंतीच्या आतली पडीक जमीन लागवडीला काढली आणि तिच्यातून वर्षाला ६० हजार शिहून जास्त धान्य मिळू लागलं. शि म्हणजे शंभर लिटरच्या आसपासचं माप. सैनिकाचा शिधा साधारण महिन्याला एक शि. म्हणजे पाच हजार माणसांचं वर्षभराचं जेवण तिथल्या तिथे सुटलं.

बुरुजावरची शिबंदी कशी राहायची, हे कान्सूमधल्या शेन्गोउर नावाच्या टेहळणी बुरुजाच्या शिलालेखात दिसतं. काळ १५३१चा. हा लेख म्हणजे निव्वळ सामानाची यादी आहे. पाच शिपाई, प्रत्येकाचं नाव आणि पुढे बायकोचं माहेरचं आडनाव. एक छोटी तोफ, एक बंदूक. दर माणशी एक धनुष्य, एक तलवार, तीस बाण. निशाण, दोरीची शिडी, लाकडाचे पाच ढीग, धुराच्या पाच चुली, वरून लोटायच्या दगडांचे वीस ढीग. मग घरातलं : पाच पातेली, पाच रांजण, दहा वाट्या, जेवायच्या काड्यांचे दहा जोड. शेवटी कोंबडा, कुत्रा आणि लांडग्याची विष्ठा, जी धूर दाट व्हावा म्हणून जाळत असत. यादी वाचली की लक्षात येतं, हे पाच शिपायांचं ठाणं नव्हे, पाच संसार आहेत. मिंगांच्या सैन्यात शिपाईपण वंशपरंपरेने चालायचं. सैनिकी घराण्यातला एक माणूस कायम पलटणीत असे. म्हणून बुरुजावर बायका होत्या, आणि वाट्याही दहाच.

त्या चुलींचा नियम १४६६ मध्ये ठरला होता. शंभरपर्यंत शत्रू दिसला तर एक धूर आणि एक तोफ; पाचशेला दोन, हजारावर तीन, पाच हजारांवर चार, दहा हजारांवर पाच. रात्री धुराऐवजी जाळ. पुढच्या बुरुजाने तेवढेच आवाज काढायचे आणि निरोप पुढे सरकवायचा. शत्रू किती हे आधी कळलं, की किती कुमक धाडायची ते मागे ठरवता येई.

आता या सगळ्यांनी खायचं काय? कागदावरचं उत्तर सोपं होतं : सरहद्दीवरच्या दहातल्या सात शिपायांनी शेती करायची, तिघांनी पहारा. प्रत्यक्षात पाऊस अपुरा, धाडीत पीक जाई आणि चांगल्या जमिनी अधिकारी घशात घालत. म्हणून १३७० मध्येच एक वेगळी युक्ती काढली होती, आणि मला ती भिंतीपेक्षा जास्त डोकेबाज वाटते. मीठ सरकारी मक्त्याचं. परवान्याशिवाय विकता येत नसे. सरकार व्यापाऱ्याला म्हणे, सरहद्दीवरच्या कोठारात धान्य टाक, त्याच्या बदल्यात मिठाचा परवाना घे. दर असा होता : सरहद्दीवरच्या दातोंगला एक शि तांदूळ भरला तर दोनशे चिनी शेर, म्हणजे १२० किलोच्या आसपास ह्वाइ खोऱ्याचं मीठ. तेवढ्याच मिठासाठी थायुआनला मात्र एक पूर्णांक तीन दशांश शि भरावा लागे. थायुआन दातोंगपासून सुमारे अडीचशे किलोमीटर दक्षिणेला, अलीकडे. म्हणजे घाट चढून पलीकडे जाण्याचा मोबदला तीन दशांश शि. व्यापारी दातोंगची पावती घेऊन थेट समुद्रकाठच्या मीठ कचेरीत जाई, तिथे जुळती नोंद तपासून मीठ मिळे आणि ठरलेल्या इलाख्यात ते तो विके. सरकारचा एकही बैल रस्त्यावर नसे. वाहतूक वाचवायला काही व्यापाऱ्यांनी सरहद्दीवरच कुळं बसवून धान्य पिकवायला सुरुवात केली.

बिघाड दोन्ही टोकांना झाला. सरकारने मिठापेक्षा जास्त परवाने वाटले, त्यामुळे आजोबाच्या पावतीवर नातवालाही मीठ मिळेना अशी गत झाली. दरबारी वजनदारांनी परवाने आधीच अडवून ठेवले आणि चढ्या भावाने व्यापाऱ्यांना विकले. १४९२ मध्ये अर्थमंत्री ये ची याने मार्ग काढला : धान्य नको, मीठ कचेरीत चांदी भरा, चांदी आम्ही सरहद्दीवर पाठवू. खजिन्यात लगेच भर पडली. पण व्यापाऱ्याला आता उत्तरेला जायचं कारण उरलं नाही. कुळं उठली आणि सरहद्दीवर धान्याचा भाव भडकला. सगळा दोष एका ये चीच्या माथी मारणं मला पटत नाही, कारण चांदीत वसुली त्याच्या आधीच ठिकठिकाणी सुरू झाली होती. तरी परिणाम हाच, की शिपायाच्या हाती धान्याऐवजी चांदी आली आणि ती बीजिंगहून वेळेवर येण्यावर सगळं अवलंबून राहिलं.

दरम्यान भिंत वाढतच होती, कारण तिसरा पर्याय, म्हणजे व्यापार, दरबाराला अपमानास्पद वाटे. मंगोलांचा सरदार अल्तान खान चहा, कापड, भांडी यांसाठी पुन्हा पुन्हा बाजार मागत होता. १५४२ मध्ये तर त्याचा दूतच मारण्यात आला. १५५० मध्ये तो गुबेइकोउच्या बाजूने आत शिरून बीजिंगच्या वेशीपर्यंत लुटालूट करून गेला. मग १५६८ पासून सेनापती छी जिग्वांगकडे बीजिंगलगतच्या जीजोउ सरहद्दीची बाजू आली. त्याची तक्रार साधी होती : भिंतीवर शिपाई ऊनपावसात उघड्यावर, हत्यारं आणि दगड ठेवायला जागा नाही, ऐनवेळी वर चढवायला जावं तर उशीर. त्याने पोकळ बुरूज बांधले, आत तीस-पन्नास माणसं, दारूगोळा आणि धान्य मावेल असे. तीन हजार मागितले, बाराशेच्या आसपास झाले. जिनशानलिंगला त्या काळच्या विटांवर साल आणि पलटणीचं नाव उमटवलेलं आजही वाचता येतं. वीट खराब निघाली तर कुणाला धरायचं ते कळावं म्हणून. १५७१ मध्ये अल्तान खानाशी तह होऊन बाजार उघडले आणि पश्चिमेकडच्या धाडी एकदम मंदावल्या. जे काम शंभर वर्षांच्या बांधकामाने पुरतं साधलं नव्हतं, त्यातलं बरंचसं चहा-कापडाने केलं.

पण चांदीची गाडी अडखळत राहिली. १५९५ मध्ये छीने दक्षिणेतून आणलेल्या जुन्या शिपायांनी ठरलेलं वेतन मागितलं, तेव्हा त्यांना जमवून त्यांची कत्तल केली गेली. १६२८ मध्ये ईशान्य सरहद्दीवरच्या निंगयुआनच्या शिबंदीने चार महिन्यांच्या थकबाकीसाठी बंड करून प्रांताधिकाऱ्यालाच बांधून घातलं. त्याने पुढे आत्महत्या केली. दुसऱ्याच वर्षी ईशान्येकडच्या मांचूंचा राजा होंग ताइजी मंगोल मुलखातून वळसा घालून जीजोउच्या भिंतीवर आला. ती याच छीने बांधलेल्या बुरुजांची बाजू होती. बुरूज शाबूत होते, पण शिबंदी तोडलेली आणि पगार थकलेले. काही आठवड्यांतच तो बीजिंगसमोर उभा होता.