इंटर्नशिपच्या एनओसीचा अर्ज परत का येतो? आधी तारखा तपासा

बाहेरच्या कंपनीत उन्हाळी इंटर्नशिप मिळाली की विभागप्रमुखांच्या नावे ना हरकत प्रमाणपत्राचा अर्ज करावा लागतो. मायना, विषय, नाव, वर्ग, रोल नंबर हे सगळ्यांना जमतं. अर्ज अडतो तो तारखांवर.

एक उदाहरण घेऊ. ऑफर लेटरवर १८ मे ते १० जुलै असे आठ आठवडे आहेत. लेखी परीक्षा २३ मेला संपते, पण प्रॅक्टिकल आणि ओरल ३० मेपर्यंत आहेत. पुढचं सेमिस्टर ६ जुलैला सुरू होतं. अशा अर्जावर विभाग सही करत नाही, कारण त्या दिवसांत तुम्ही कॉलेजात हजर असायला हवं. बहुतेक मुलं लेखी परीक्षेचं वेळापत्रक पाहून तारीख ठरवतात आणि प्रॅक्टिकल विसरतात.

यावर उपाय म्हणजे अर्जाआधीच कंपनीला मेल करून १ जून ते ४ जुलै हा कालावधी मागणं. त्यांचा होकार आला की त्या मेलची प्रिंट ऑफर लेटरसोबत जोडा आणि अर्जात नेमकं लिहा:

«माझी लेखी व प्रात्यक्षिक परीक्षा ३० मे रोजी पूर्ण होत असून पुढील सत्र ६ जुलै रोजी सुरू होत आहे. सदर इंटर्नशिप १ जून ते ४ जुलै या सुट्टीच्या कालावधीत असल्याने वर्गाचे वा परीक्षेचे नुकसान होणार नाही. तरी ना हरकत प्रमाणपत्र मिळावे, ही विनंती.»

«मे-जूनमध्ये» असं मोघम लिहू नका. प्रमाणपत्रावर नेमक्या तारखा छापाव्या लागतात, म्हणून असा अर्ज हमखास परत येतो. आठ आठवड्यांखाली कंपनी तयारच नसेल, तर ते अर्ज देण्याआधी कळलेलं बरं.

दुसरी अडचण खरोखर जाच आहे. कंपनी म्हणते, एनओसी आणा, मग ऑफर लेटर देऊ. विभाग म्हणतो, ऑफर लेटर आणा, मग एनओसी देऊ. विद्यार्थ्याने उगाच का हेलपाटे घालायचे? कंपनीच्या अधिकृत ईमेलवरून निवडीचं तात्पुरतं पत्र मागा. त्यात तुमचं नाव, कामाचं स्वरूप, ठिकाण आणि तारखा हव्यात. ते जोडून अर्जात «अंतिम ऑफर लेटर मिळताच सादर करीन» असं एक वाक्य टाका. विभाग हे चालवून घेतो का, ते कार्यालयात आधी विचारा. व्हॉट्सॲपवरच्या संदेशाचा स्क्रीनशॉट मात्र सहसा चालत नाही.

अर्ज दोन प्रतींत न्या. आपल्या प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घ्या, नाहीतर «अर्ज आलाच नाही» हे ऐकावं लागतं. शेवटी, प्रमाणपत्र हातात आलं की तिथेच वाचा: कंपनीचं नाव ऑफर लेटरप्रमाणे आहे का, सही, शिक्का आणि जावक क्रमांक आहे का. सुट्टी लागल्यावर सही करणारे सापडणं कठीण असतं.