लेट्यूसच्या पाकिटावरची चित्रे कशी वाचायची

लेट्यूसच्या बियांच्या इंग्लंडमधल्या एखाद्या पाकिटाची मागची बाजू फोटोत मोठी करून पाहा. एका चित्रात मातीची आडवी रेघ, तिच्याखाली बी आणि उभा बाण असतो. बाणाशेजारी ०.५ सेंमी लिहिलेले असते. ही खोली बियाच्या माथ्यापासून मातीच्या पृष्ठभागापर्यंत मोजायची, बोटाने केलेल्या खड्ड्याची नव्हे. बोट सहज दोन सेंमी आत जाते, आणि तिथेच घोटाळा होतो. बी इतके बारीक की त्यातला अन्नसाठा कोंब वर येण्याआधीच संपतो. शिवाय लेट्यूसच्या बऱ्याच जातींचे बी रुजायला उजेड लागतो. १९५२मध्ये अमेरिकेत बेल्ट्सव्हिल इथल्या शास्त्रज्ञांनी दाखवले, की लाल प्रकाश दिला तर हे बी रुजते आणि त्यावर लगेच अतिलाल, म्हणजे लालच्या पुढचा, डोळ्यांना जेमतेम दिसणारा प्रकाश टाकला तर पुन्हा थांबते. मातीत उजेड जेमतेम काही मिलिमीटर शिरतो. म्हणून बी भुरभुरून वर चाळलेल्या कोकोपीटचा पातळ थर द्यावा आणि पाणी फवाऱ्याने घालावे. झारीच्या धारेने बी वाहून जाते किंवा खोल दबते.

दुसऱ्या चित्रात दोन रोपे आणि त्यांच्यामध्ये आडवा बाण असतो. दोन आकडे असतील, समजा २५ आणि ३० सेंमी, तर सहसा लहान आकडा रोपारोपांतला आणि मोठा ओळींतला. हे अंतर वाढलेल्या रोपांचे. पेरताना बी दाटच पडते. पहिल्या बीजपत्रांनंतर दोन-तीन खरी पाने आली की विरळणी करायची. मीटरभर लांबीच्या खोक्यात २५ सेंमीने चार रोपे बसतात: कडेपासून १२.५ सेंमीवर पहिले, मग ३७.५, ६२.५ आणि ८७.५वर. उपटलेली रोपे कोशिंबिरीत घाला.

फसवते ती महिन्यांची पट्टी. J F M A M J J A S O N D या बारा अक्षरांत तीन J आहेत, त्यामुळे अक्षर न पाहता डावीकडून घर मोजावे. पेरणीचा रंग मार्च ते जुलै दिसला, तरी तो तिकडच्या थंड वसंताचा आणि उन्हाळ्याचा हिशेब आहे. तो पाहून पुण्यात एप्रिलमध्ये पेरले, तर माती ३० अंशांच्या वर तापते आणि जिवंत बीही झोपून राहते. लोक बियाणे जुने म्हणून फेकून देतात. खात्री करायची असेल तर थोडे बी ओल्या कागदात गुंडाळून सावलीतल्या गार जागी, २० अंशांच्या आसपास ठेवा. आठवड्यात मोड आले तर दोष उष्णतेचा, बियाण्याचा नाही.

रोप उगवले तरी उन्हाळ्यात मधूनच उंच दांडा फुटतो, तोडल्यावर चीक गळतो, पाने कडू होतात. आपल्याकडे पेरणी ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये करावी.